हजेरीपत्रकातला रविवार

वर्गाची यादी आता बहुतेक शाळांत संगणकावर असते. शासनाच्या पोर्टलवर भरलेली, परीक्षेच्या गुणतक्त्यासाठी वापरलेली, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पुन्हा उघडलेली. हजेरी मात्र अजून कागदावर घेतली जाते आणि त्यात गैर काही नाही. सकाळी वर्गात उभं राहून चाळीस नावं पुकारायची, प्रत्येकापुढे पेनाने खूण करायची, या कामाला कागदाइतकं सोयीचं दुसरं काही नाही. अडचण आहे ती महिन्याच्या शेवटी. तेव्हा वर्गशिक्षिका पट्टी घेऊन बसतात, एकतीस रकाने आखतात आणि जूनपासून लिहीत आलेली चाळीस नावं पुन्हा एकदा लिहितात. छापील कॅटलॉग विकत आणला तरी नावं हातानेच लिहावी लागतात, आणि रविवारचे रकाने भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून शोधावे लागतात.

यादी एकदा नीट टाकली आणि महिन्याची पहिली तारीख एका चौकटीत लिहिली की बाकीचं सगळं संगणकाने आखून द्यावं, एवढंच आपल्याला हवं आहे. त्यासाठी एक्सेल पुरेसं आहे आणि त्यातली सूत्रंही अवघी पाच-सहा. उदाहरणाला पाचवीचा एक वर्ग घेऊ: २१ मुलगे, १९ मुली, पट ४०. महिना ऑगस्ट २०२६. हा महिना मुद्दाम निवडला आहे. १ तारखेला शनिवार आहे, त्यामुळे महिन्यात पाच शनिवार आणि पाच रविवार येतात आणि स्वातंत्र्यदिनही नेमका शनिवारीच आहे.

पण आधी छटेबद्दल एक गोष्ट ठरवून घ्यायला हवी. हजेरीपत्रकात रविवारचा रकाना राखाडी करतात तो शोभेसाठी नाही. राखाडी रकान्याचा अर्थ ‘इथे पेन टेकवू नका’ असा आहे. घाईत नावं पुकारताना हात एक घर पुढे सरकला की सोमवारची हजेरी रविवारात पडते आणि महिनाअखेरीस बेरीज जुळत नाही. ती चूक टाळायला ही पट्टी असते. म्हणून छटा तिथेच हवी जिथे हजेरी घ्यायचीच नाही. इंटरनेटवर मिळणारे तयार नमुने शनिवार-रविवार दोन्ही रंगवून देतात, ते आपल्याकडच्या बहुतेक शाळांना चालत नाहीत. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, पण शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. शनिवारी सकाळची शाळा भरते, हजेरी होते. तो रकाना राखाडी केला तर बाईंना महिन्यातून चार-पाच वेळा राखाडीवरच लिहावं लागेल, आणि मग रविवारच्या राखाडीलाही कोणी जुमानणार नाही.

आता यादी. एक्सेलच्या फाइलमध्ये तीन पानं करायची: `Yadi`, `Sutti` आणि `Hajeri`. पानांची नावं रोमन अक्षरांत ठेवली की सूत्रात टाइप करायला सोपी जातात. `Yadi` पानावर पहिल्या ओळीत शीर्षकं, आणि दुसऱ्या ओळीपासून A रकान्यात हजेरी क्रमांक, B मध्ये नाव. कॅटलॉगात सहसा मुलगे आधी आणि मुली नंतर असतात, बेरजाही वेगळ्या होतात. म्हणून मुलग्यांची २१ नावं, त्याखाली नव्या प्रवेशासाठी दोन ओळी मोकळ्या, मग बेरजेसाठी एक ओळ मोकळी, आणि २६व्या ओळीपासून मुली. त्यांच्या खालीही दोन ओळी सोडायच्या.

यादी कुठून उचलली यावर पुढचा बराच त्रास अवलंबून असतो. जुन्या संगणकावरची यादी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल, तर तो फाँट नसलेल्या संगणकावर ‘पाटील’च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. दुसरा त्रास डोळ्यांना दिसत नाही. वेबपानावरून उचललेल्या नावांच्या मागेपुढे रिकाम्या जागा चिकटून येतात. त्यातल्या काही साध्या स्पेसच्या नसतात, वेबपानावरच्या वेगळ्या जातीच्या असतात, आणि `TRIM` एकट्याने त्या जात नाहीत. शेजारच्या रकान्यात हे सूत्र लावून आलेली साफ नावं पुन्हा B मध्ये मजकूर म्हणून चिकटवायची:

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," "))
```

आणि एकदा हजेरी क्रमांक दिले की यादीला पुन्हा अकारविल्हे लावायला जाऊ नये. नोव्हेंबरात दाखला घेऊन गेलेल्या मुलाची ओळ पुसायची नाही, नावापुढे तशी नोंद करायची. त्याचा क्रमांक त्या वर्षी दुसऱ्या कोणाला मिळत नाही. शाळेचा हा जुना नियम संगणकालाही मानवतो, कारण `Yadi` मधली अख्खी ओळ उडवली की `Hajeri` पानावर त्या नावाच्या जागी `#REF!` उमटतं.

`Hajeri` पानाची मांडणी अशी. पहिल्या ओळीत शाळेचं नाव, इयत्ता, तुकडी. दुसऱ्या ओळीत B2 मध्ये महिन्याची पहिली तारीख. तिसऱ्या ओळीत वार, चौथीत तारखा, पाचवीपासून मुलं. A मध्ये क्रमांक, B मध्ये नाव, आणि C पासून AG पर्यंत एकतीस रकाने. त्यापुढे AH, AI, AJ हे तीन रकाने या महिन्यात हजर, मागील हजर आणि एकूण हजर यांच्यासाठी. B5 मध्ये नाव असं येतं:

```
=IF(Yadi!B2="","",Yadi!B2)
```

नुसतं `=Yadi!B2` लिहिलं तर मोकळ्या ओळींत शून्य छापलं जातं आणि पत्रकात ‘०’ नावाची दोन मुलं दिसू लागतात. हेच सूत्र A साठीही करून दोन्ही ५० व्या ओळीपर्यंत खाली ओढायची. २८ व्या ओळीला मुलग्यांची बेरीज येते, कारण यादीतली तेवढीच ओळ मोकळी होती. २९ पासून ४९ पर्यंत मुली, ५० ला त्यांची बेरीज, ५१ ला एकूण. या तीन ओळींत B मध्ये ‘एकूण मुलगे’ वगैरे शब्द सूत्रावरच टाइप करून टाकायचे.

तारखांची सगळी मदार B2 वर आहे आणि पहिली ठेच तिथेच लागते. B2 मध्ये 1/8/2026 टाइप केलं आणि त्या संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकन असली, तर एक्सेल ती १ ऑगस्ट न धरता ८ जानेवारी धरतं. चूक झाल्याचा कुठलाही इशारा मिळत नाही. तारखांची ओळ ८ पासून सुरू झालेली दिसली की समजायचं काय झालं ते. हे टाळायला तारीख सूत्रानेच लिहावी:

```
=DATE(2026,8,1)
```

मग C4 मध्ये `=$B$2`, आणि D4 मध्ये पुढचं सूत्र लिहून ते AG4 पर्यंत ओढायचं:

```
=IF(C4="","",IF(MONTH(C4+1)=MONTH($B$2),C4+1,""))
```

याचा अर्थ सरळ आहे. डावीकडच्या तारखेत एक दिवस मिळव, तो दिवस याच महिन्यात पडत असेल तर लिही, नाहीतर चौकट रिकामी ठेव. त्यामुळे B2 मध्ये फेब्रुवारी २०२७ ची पहिली तारीख टाकली की २८ नंतरचे तीन रकाने आपोआप कोरे होतात. चौकटीत मात्र पूर्ण तारीख दडलेली असते. दिसायला फक्त दिवसाचा आकडा हवा, म्हणून चौकटींचं `Custom` स्वरूप `d` असं ठेवायचं. ते राहून गेलं तर अरुंद रकान्यात तारीख मावत नाही आणि ओळभर `###` दिसतं. आकडे देवनागरी हवे असतील तर एक्सेलमध्ये `d` ऐवजी `[$-4000439]d` लिहावं.

वार C3 मध्ये:

```
=IF(C4="","",CHOOSE(WEEKDAY(C4),"र","सो","मं","बु","गु","शु","श"))
```

`WEEKDAY` रविवारला १ आणि शनिवारला ७ मानतं, म्हणून अक्षरांची सुरुवात ‘र’ पासून. वारांची पूर्ण नावं अर्धा-पाऊण सेंटिमीटरच्या रकान्यात मावत नाहीत. इंग्रजी वारांतलं पहिलं अक्षर घेतलं तर मंगळवार आणि गुरुवार एकच दिसतात. मराठीत ही अडचण शुक्र-शनीला येते, पण ‘शु’ आणि ‘श’ पेनाने भरणाऱ्याला सहज वेगळे कळतात.

आता छटा. रविवारचे रकाने हाताने निवडून राखाडी रंग भरता येतो, पण मग दर महिन्याला जुना रंग पुसून नवा भरावा लागतो. आणि सप्टेंबरच्या पत्रकात ऑगस्टचे रविवार राखाडी राहून गेले तर ती चूक कळते थेट छापून झाल्यावर. म्हणून रंग तारखेला बांधायचा. त्यासाठी C3 पासून AG51 पर्यंतचा सगळा भाग निवडायचा. निवडताना सुरुवात C3 पासूनच करायची, याचं कारण पुढे येतं. मग `Home` मधून `Conditional Formatting`, `New Rule`, आणि यादीतला शेवटचा पर्याय, `Use a formula to determine which cells to format`. तिथे हे लिहायचं:

```
=AND(C$4<>"",WEEKDAY(C$4)=1)
```

`Format` मध्ये जाऊन `Fill` खाली राखाडी निवडायची. एवढ्या सूत्राने पाच रविवार वरपासून खालपर्यंत रंगतात.

या सूत्रात सगळं काम डॉलरच्या एका चिन्हाचं आहे आणि बहुतेकांचं अडतंही तिथेच. आपण एकच सूत्र लिहिलं, पण एक्सेल ते निवडलेल्या प्रत्येक चौकटीसाठी वेगळं वाचतं. उजवीकडे सरकलं की C चं D होतं, खाली सरकलं की ओळीचा आकडा वाढतो. आपल्याला यातलं पहिलं हवं आहे, दुसरं नको. एकोणिसाव्या मुलीच्या ओळीतली चौकटही आपल्याच रकान्यातली चौथ्या ओळीची तारीख बघायला हवी. म्हणून 4 च्या आधी डॉलर, C च्या आधी नाही. डॉलर दोन्हीकडे पडला, म्हणजे `$C$4` झालं, तर सगळ्या चौकटी पहिल्या तारखेलाच विचारतात: ऑगस्टमध्ये काहीच रंगत नाही, आणि ज्या महिन्याची पहिली तारीख रविवारी येते त्या महिन्यात अख्खं पत्रक राखाडी होतं. एक्सेलमध्ये सूत्र लिहिताना चौकटीवर माऊसने क्लिक केलं की दोन्ही डॉलर तेच टाकून मोकळं होतं. तेव्हा सूत्र टाइपच करावं.

निवड C3 पासून करायची ती यासाठी की सूत्रातला C हा निवडीच्या पहिल्या चौकटीशी जुळतो. कोणी D3 पासून निवड केली आणि सूत्रात C$4 तसंच ठेवलं, तर D रकाना C ची तारीख बघतो, E रकाना D ची. परिणामी रविवारची छटा एक घर उजवीकडे, सोमवारवर जाते. हे पटकन ध्यानात येत नाही, कारण पट्ट्या सात-सात दिवसांच्या अंतराने अगदी व्यवस्थित दिसतात. तपासायची रीत एकच. पट्टीच्या वरच्या टोकाला, तिसऱ्या ओळीत, ‘र’ आहे का ते बघायचं. छटा तिसऱ्या ओळीपासून सुरू करण्याचा फायदा हाच.

`C$4<>""` हा तुकडाही उगाच घातलेला नाही. पूर्णपणे रिकामी चौकट `WEEKDAY` ला दाखवली तर ते ती शून्य क्रमांकाची तारीख धरतं, आणि एक्सेलच्या हिशेबात त्या दिवशी शनिवार येतो. ज्या शाळांना शनिवारीही सुट्टी असते तिथे `WEEKDAY(C$4)=7` असा दुसरा नियम लागतो. अशा पत्रकात महिनाअखेरच्या मोकळ्या चौकटी कोणी सूत्र पुसून रिकाम्या केल्या, की त्या सगळ्या शनिवार म्हणून रंगतात. दुसऱ्या शनिवारी सुट्टी असेल तर मोजत बसायला नको. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या दरम्यानच पडतो:

```
=AND(C$4<>"",WEEKDAY(C$4)=7,DAY(C$4)>=8,DAY(C$4)<=14)
```

ज्यांच्याकडे शनिवारी सकाळची शाळा आहे त्यांनी शनिवारला रंग देऊ नये. वेगळा दाखवायचाच असेल तर `Format` मधल्या `Border` मधून उजव्या बाजूला रेघ द्यावी. आठवडा तिथे संपतो हे कळतं आणि लिहायची जागा पांढरी राहते.

राहिल्या सणांच्या सुट्ट्या. `Sutti` पानावर A2 पासून खाली शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीतल्या वर्षभराच्या तारखा टाकायच्या. ऑगस्ट २०२६ साठी आपण उदाहरणापुरत्या दोनच धरू: १५ ऑगस्ट आणि २८ ऑगस्टची नारळी पौर्णिमा. झेंडावंदनाला मुलं येतात, पण त्या दिवसाची गणना कामाच्या दिवसांत करायची की नाही हे मुख्याध्यापक सांगतील तसं. नियम असा:

```
=AND(C$4<>"",COUNTIF(Sutti!$A$2:$A$40,C$4)>0)
```

इथे पहिला तुकडा गाळला तर गंमत होते, पण ती फेब्रुवारीत. `COUNTIF` ला रिकामा मजकूर शोधायला सांगितला की ते सुट्टीच्या यादीतल्या रिकाम्या चौकटी मोजतं, त्या भरपूर असतात, आणि २९, ३०, ३१ या नसलेल्या तारखांचे रकाने सुट्टी म्हणून गडद होतात. जून ते जानेवारी चाललेलं पत्रक फेब्रुवारीत असं वागलं की लोक फाइल खराब झाली म्हणतात. खरं तर अशाच चुकीने ३० दिवसांच्या महिन्यांतही शेवटचा रकाना राखाडी होतोच, फक्त एकट्या रकान्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

सुट्ट्यांची यादी आहेच, तर कामाचे दिवसही तिच्यावरूनच काढून घ्यावेत. दुसऱ्या ओळीत एखाद्या मोकळ्या चौकटीत:

```
=NETWORKDAYS.INTL(B2,EOMONTH(B2,0),11,Sutti!$A$2:$A$40)
```

यातल्या ११ चा अर्थ ‘आठवड्याची सुट्टी फक्त रविवारी’. शनिवार-रविवार दोन्ही असतील तर तिथे १ लिहायचा. ऑगस्टचे ३१ दिवस, वजा पाच रविवार, वजा दोन सुट्ट्या, उत्तर २४. हा आकडा पत्रकावर छापलेला असला की महिनाअखेरीस एक झटपट ताळा मिळतो. ४० च्या पटावर २४ दिवसांत जास्तीत जास्त ९६० हजेऱ्या होऊ शकतात. बाईंची बेरीज ८७६ आली तर सरासरी हजेरी ८७६ भागिले २४, म्हणजे ३६.५. कोणा एकाच्या ‘या महिन्यात हजर’ रकान्यात २५ दिसले तर कुठेतरी खूण राखाडीत पडली आहे.

पडद्यावर इथपर्यंत सगळं सुरेख दिसतं. कागदाची गोष्ट वेगळी आहे.

ए-फोर कागद आडवा धरला तर २९.७ सेंटिमीटर रुंद आणि २१ उंच. डावीकडे पंचिंगसाठी २ सेंटिमीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना १ सोडला की लिहायला २६.७ बाय १९ उरतात. क्रमांकाला ०.८, नावाला ४.८, एकतीस रकान्यांना प्रत्येकी ०.५५ म्हणजे १७.०५, आणि शेवटच्या तीन रकान्यांना १.२ प्रमाणे ३.६. बेरीज २६.२५, म्हणजे जेमतेम मावतं. साडेपाच मिलिमीटरच्या चौकटीत ‘ह’ किंवा ‘गै’ लिहिता येतो, त्याहून कमीत हात अवघडतो. उंचीत मात्र चाळीस मुलं एका पानावर बसत नाहीत. बसवली तर एका ओळीला चार मिलिमीटरही मिळत नाहीत. आणि नेमकं हेच बहुतेकजण करतात: छपाईच्या खिडकीत `Fit Sheet on One Page` दाबतात, आणि एक्सेल मुंग्यांच्या रांगांसारखं पत्रक काढून देतं.

त्यापेक्षा दोन पानं करावीत, एक मुलग्यांचं, एक मुलींचं. ओळ ६.५ मिलिमीटरची धरली तर मुलग्यांच्या २३ ओळी आणि बेरजेची एक मिळून १५.६ सेंटिमीटर होतात, वरच्या चार ओळींना २.८ दिले की १८.४. एकोणीसमध्ये आरामात. एक्सेलमध्ये रुंदी एरवी अक्षरांच्या हिशेबात मागितली जाते, ती डोक्याला ताप. पण `View` मधून `Page Layout` हा देखावा निवडला की रकान्यांची रुंदी आणि ओळींची उंची थेट लांबीच्या मापात देता येते. संगणकाचं माप इंचात असेल तर सेंटिमीटरला २.५४ ने भागायचं. मग २९ व्या ओळीवर उभं राहून `Page Layout` टॅबमधून `Breaks`, `Insert Page Break`. आणि `Print Titles` मध्ये `Rows to repeat at top` पुढे `$1:$4` लिहायचं, म्हणजे मुलींच्या पानावरही वार-तारखा छापल्या जातात. ते विसरलं तर दुसरं पान नुसत्या रेघांचं येतं आणि राखाडी पट्टी कुठल्या तारखेची ते पहिल्या पानावरून मोजावं लागतं. पडद्यावरची तुटक रेघ AJ च्या आधी आली तर शेवटचा रकाना एकटाच तिसऱ्या-चौथ्या पानावर जाणार आहे. नावाच्या रकान्यातून दोन-तीन मिलिमीटर काढून घ्यायचे.

छटा किती गडद ठेवायची याचं उत्तर झेरॉक्सच्या दुकानात मिळतं. शाळेच्या प्रिंटरवर एक प्रत काढायची आणि बाकीच्या झेरॉक्स करायच्या, ही रीत. एक्सेलच्या रंगपेटीतली पांढऱ्यापासून पहिली पायरी, ५ टक्क्यांची, पडद्यावर छान दिसते, झेरॉक्सवर पूर्ण नाहीशी होते. फार गडद घेतली तर यंत्र ती डागाळलेल्या काळ्या पट्टीसारखी काढतं आणि ऐनवेळी कामाचा ठरलेला रविवार तिथे लिहिता येत नाही. १५ टक्क्यांची राखाडी बहुतेक यंत्रांवर टिकते. तरी खात्री नको असेल तर `Fill` मध्येच `Pattern Style` खाली तिरप्या रेघांचा नमुना आहे. रेघा या शेवटी रेघाच, त्या फिकट होऊन गायब होत नाहीत.

कधी कधी छटा प्रिंटरवरच येत नाही. पडद्यावर राखाडी, कागद पांढराफेक. अशा वेळी प्रिंटरला किंवा टोनरला बोल लावण्याआधी `Page Setup` मधल्या `Sheet` टॅबवर `Black and white` ची खूण आहे का ते बघावं. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरसाठी ती हवीच असं वाटून लोक ती करतात. तिचं काम वेगळंच आहे: चौकटींचे भरलेले रंग छापू नकोस, असं ती सांगते. ती काढली की राखाडी परत येते.

बरेच शिक्षक हे काम मोबाईलवर गुगल शीट्समध्ये करतात. वरची सूत्रं तिथे तशीच चालतात, एक सुट्ट्यांचा नियम सोडून. तिथल्या `Conditional formatting` ला दुसऱ्या पानाकडे थेट बघता येत नाही, त्याला आडवळणाने सांगावं लागतं:

```
=AND(C$4<>"",COUNTIF(INDIRECT("Sutti!A2:A40"),C$4)>0)
```

वरच्या चार ओळी तिथे गोठवून ठेवायच्या आणि छापताना `Repeat frozen rows` ची खूण करायची. छपाई मात्र शक्यतो संगणकावरूनच करावी, मोबाईलवर कागदाची मापं इतक्या बारकाईने हाताळता येत नाहीत.

अमेरिकेत महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा भरतात त्या शनिवारी किंवा रविवारी. तिथे ही सगळी मांडणी उलटी होते आणि एकतीस रकान्यांतले सव्वीस-सत्तावीस राखाडी करण्यात अर्थ नसतो. त्यांनी C4 मध्ये महिन्याचा पहिला रविवार काढावा आणि D4 मध्ये एकाऐवजी सात मिळवावेत:

```
=$B$2+MOD(8-WEEKDAY($B$2),7)
```

पाच रकाने पुरतात, ज्या महिन्यात चारच रविवार असतील तिथे पाचवा कोरा राहतो, आणि उरलेल्या जागेत पालकांचा फोन नंबरही मावतो.

नव्या महिन्यासाठी `Hajeri` पानाच्या नावावर उजवं क्लिक करून `Move or Copy` ने प्रत काढायची आणि तिच्या B2 मधला महिना बदलायचा. पण या सोयीत एक धोका आहे. सगळे महिने एकाच `Yadi` वरून नावं घेतात. जानेवारीत एखाद्या मुलीचं नाव दुरुस्त केलं, तर ऑगस्टचं पानही मागल्या तारखेने दुरुस्त होतं, आणि फाइलमधलं ऑगस्ट सही केलेल्या कागदाशी जुळेनासं होतं. तपासणीच्या वेळी असा फरक समजावत बसणं नकोसं होतं. त्यामुळे पत्रक छापलं की त्याच वेळी त्याची पीडीएफ करून `Hajeri-2026-08` अशा नावाने ठेवून द्यावी. महिना आकड्यात आणि वर्ष आधी लिहिलं की वर्षभराच्या फाइली आपोआप क्रमाने लागतात. महिन्याच्या मधेच प्रवेश घेतलेल्या मुलाचं नाव त्या महिन्याच्या छापील पत्रकात मोकळ्या ओळीवर हाताने लिहावं, `Yadi` मध्येही टाकावं, आणि पुढल्या महिन्यापासून ते छापून येईल. अतिवृष्टीमुळे अचानक जाहीर झालेल्या सुट्टीचंही तसंच. कागदावर त्या रकान्यात लाल पेनाने उभं ‘सुट्टी’ लिहायचं आणि ती तारीख `Sutti` पानावर नोंदवायची, नाहीतर कामाच्या दिवसांचा आकडा एकाने जास्त राहील.